फुलराणीसमोरचा फोटो

आपल्यातल्या बऱ्याच घरांत जुने फोटो भिंतीवर नसतात. ज्या खोलीत नमाज होते तिथं तसबीर लावायची नाही, हा वडीलधाऱ्यांचा कटाक्ष. त्यामुळे फोटो जातात पत्र्याच्या डब्यात. निकाहनामा, जुनं रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या आणि कुणाच्या तरी शाळेचा दाखला यांच्या सोबतीनं ते वर्षानुवर्षं पडून राहतात. उन्हात नसल्यामुळे ते उडत नाहीत. पण रोज नजरेसमोर नसल्यामुळे त्यांत नेमकं काय आहे, हेही घरातली माणसं विसरत जातात. ज्यानं तो दिवस पाहिलेला असतो, त्यालाच काय ते आठवतं.

या महिन्याची आमची गोष्ट अशाच एका डब्यातल्या फोटोची आहे. घर पुण्यातल्या मोमीनपुऱ्यातलं. गोष्टीत कुणाची नावं घातलेली नाहीत. दादी, मुलगा, नातू आणि फुफी एवढी नाती वाचकांना पुरेत.

आधी फोटो कसा आहे ते सांगतो. सहा सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद, काळापांढरा, कडेला पांढरी पट्टी. एक कोपरा दुमडून फाटलेला, वरच्या बाजूला पिवळट डाग. पेशवे पार्कात फुलराणी उभी आहे. १९५६ पासून पुण्याच्या पोरांना फिरवणारी ती लहान आगगाडी. गाडीपुढे दादी उभ्या आहेत, वय सव्वीस, अंगावर बकरी ईदची साडी, पदर डोक्यावर. त्यांच्या कडेवर तीन वर्षांचा मुलगा. एक पाऊल पुढे सहा वर्षांची मुलगी, रिबिनी बांधलेली, मान खाली घातलेली. दादी आणि मुलगा दोघांचेही डोळे उन्हानं बारीक झालेले आहेत. मागच्या बाजूला शाईनं लिहिलं आहे : जानेवारी १९७५.

दादा, म्हणजे दादींचे मरहूम शोहर, या फोटोत नाहीत. खरं तर ते कुठल्याच घरगुती फोटोत नाहीत. ते खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत फिटर होते. रोज मोमीनपुऱ्यातून खडकीला सायकलनं जात आणि सायकलनंच येत. कॅमेरा त्यांचा नव्हता. कामावरच्या एका दोस्ताचा होता, आग्फा क्लिक थ्री. त्या काळी पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत हाच काळा डबडा कॅमेरा असे. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. सूर्य आहे की ढग आहेत एवढं ठरवायचं, डोळ्याला लावायचा आणि खटका दाबायचा. उसनी चीज, बिघडली तर भरून कुठून द्यायची? म्हणून दादा तो दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. बाराच्या बारा फोटो स्वतः काढत. त्या बारांतला हा एकच उरला.

१९८१ साली दादा गेले. छातीत दुखायला लागलं ते पहाटे, आणि दुपारी जनाजा उठला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. वडलांचा चेहरा म्हणून त्याच्याजवळ राहिली ती फॅक्टरीच्या ओळखपत्रासाठी काढलेल्या तीन प्रतींतली उरलेली एक. कॉलरपर्यंतचा चेहरा, समोर बघणारे डोळे, ना हसू ना राग. आता मुलाचं वय वडलांच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण आपण आणि अब्बा एका चौकटीत असावेत, ही त्याची इच्छा काही गेली नव्हती. तो ती कुणाला बोलून दाखवत नसे. एकदा बायकोला म्हणाला, तेवढंच. ते नातवानं ऐकलं.

नातवानं मनात घेतलं की ईदला अब्बांना आणि दादीअम्मांना असा फोटो द्यायचा, ज्यात दादा असतील. रविवार पेठेत एका जुन्या स्टुडिओत काम केलेला एक कारागीर होता. तरुणपणी काचेखाली दिवा लावून, टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवरच्या देवीच्या खुणा भरून काढणारा माणूस. आता तेच काम तो संगणकावर फोटोशॉपमध्ये करतो. नातू डब्यातला फोटो आणि ओळखपत्राची प्रत घेऊन त्याच्याकडे गेला. घरात कुणाला सांगितलं नाही. दादींनाही नाही, कारण पहिल्यांदा बघताना त्यांचा चेहरा त्याला पाहायचा होता.

कारागिरानं काम कसं केलं, ते नातवानं आम्हाला पुढे सविस्तर सांगितलं. पुढचं समजायला त्यातलं थोडं माहीत असलेलं बरं.

पहिल्यांदा त्यानं दोन्ही फोटो स्कॅन केले, एका इंचात १२०० ठिपके या हिशेबानं. मोबाइलनं काढलेला फोटो चालणार नाही म्हणाला, कारण त्यात कागदाची चकाकी येते आणि कडा वाकतात. सहा सेंटीमीटरच्या फोटोचे त्यातून एका बाजूला सुमारे अठ्ठावीसशे ठिपके झाले. म्हणजे नऊ इंचांपर्यंत मोठा केला तरी फाटणार नाही. मग त्यानं डाग काढले, दुमडलेला कोपरा शेजारच्या गवताचे तुकडे घेऊन भरला.

खरी अडचण पुढे होती. ओळखपत्रावर दादांचा चेहरा दोन सेंटीमीटरचा आहे. पेशवे पार्कातल्या फोटोत दादींचं डोकं भरतं चार मिलिमीटर. म्हणजे दादांचा चेहरा पाचपट लहान करायचा. लहान केला की तो कापून चिकटवल्यासारखा रेखीव दिसतो, कारण आजूबाजूची माणसं थोडी धूसर आहेत आणि त्यांच्यावर जुन्या फिल्मचे बारीक दाणे आहेत. म्हणून चेहरा मुद्दाम थोडा मऊ करायचा आणि त्यावर तेवढेच दाणे पेरायचे. त्यानंतर प्रश्न अंगाचा, कारण ओळखपत्रावर कॉलरच्या खाली काहीच नव्हतं. कारागीर म्हणाला, ‘‘घरातलंच कुणीतरी तसा शर्ट घालून उभं राहा. पण ऊन तेच पाहिजे.’’

ऊन तेच म्हणजे कोणतं, तेही त्यानं फोटोवरूनच काढलं. फोटोच्या खालच्या कडेतून एक सावली वर आली होती. खांदे, दोन्ही बाजूंना निघालेले कोपर आणि मध्ये डोकं. फोटो काढणाऱ्याची सावली. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याची काच मंद, तिला भरपूर उजेड लागायचा, म्हणून सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा, हा त्या काळचा पाठ. दुपारी बारा-एकला सूर्य पाठीशी घेतला तर सावली पायाशीच पडते. हिवाळ्यात साडेचारला घेतला तर ती माणसाच्या उंचीच्या जवळजवळ अडीचपट लांब जाते आणि थेट फोटोत शिरते. साडेपाच फुटांच्या माणसाची सावली तेरा-साडेतेरा फूट. माणसंही तेवढ्याच अंतरावर उभी असली की सावलीचं डोकं त्यांच्या पायांशी येतं. इथं ते मुलीच्या चपलांशी आलं होतं. म्हणजे वेळ साडेचारची, ऊन अगदी समोरून.

म्हणून एका जानेवारीच्या दुपारी नातू गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कारागिरानं त्याचे फोटो काढले. नातवाचं अंग, दादांचा चेहरा आणि १९७५ चं पेशवे पार्क एकावर एक बसलं. दादा दादींच्या उजव्या हाताला उभे राहिले, एक हात त्यांच्या खांद्यामागे.

आणि शेवटी कारागिरानं खालची सावली पुसली. तिच्या जागी गवत आणि माती भरली. एक तर आमच्या धंद्यात ती चूक समजतात, तो म्हणाला. दुसरं असं की ज्याची सावली पुढे पडली आहे तो माणूस कॅमेऱ्यामागे आहे. त्यालाच फोटोत उभं केलं तर तो दोन ठिकाणी कसा असेल? बघणाऱ्याला सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकेल. त्याचं म्हणणं बरोबर होतं. नातवाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

ईदच्या दिवशी आम्ही त्या घरी मुबारकबाद द्यायला गेलो होतो. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरून झाल्या होत्या. नातवानं चौकट बांधलेला फोटो आणला, कागद काढला आणि दादींच्या मांडीवर ठेवला.

‘‘दादीअम्मा, बघा तर कोण आहे.’’

दादींनी पदरानं हात पुसले. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक सुद्धा नीट दिसतं. तरी त्यांनी फोटो उचलून खिडकीकडे धरला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. सून मोबाइल काढून तयार होती.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘हे तुझे दादा.’’

‘‘हो.’’

‘‘त्यांना ऊन लागत नव्हतं वाटतं.’’

कुणालाच कळलं नाही. दादींनी बोट ठेवून दाखवलं. त्यांचे डोळे बारीक, मुलाचे डोळे बारीक, आणि शेजारी उभे दादा त्याच उन्हात डोळे पूर्ण उघडे ठेवून बघताहेत. ओळखपत्राचा फोटो स्टुडिओतल्या दिव्यांत काढलेला होता. कारागिरानं उजेडाची दिशा जुळवली होती, दाणे जुळवले होते. डोळ्यांचं त्याला काही करता आलं नव्हतं.

‘‘आणि उभं राहणं तुझं आहे,’’ दादी नातवाला म्हणाल्या. ‘‘एका पायावर भार टाकून. ते दोन्ही पाय रोवून उभे राहायचे, मशीनवर उभं राहून सवय होती. आणि चारचौघांत माझ्यामागे असा हात? बेटा, रस्त्यानं ते माझ्यापुढे दहा पावलं चालायचे.’’

सगळे हसले. दादीही हसल्या. नातवाला वाटलं, झालं, पसंत पडला.

पण दादींचं बोट फोटोवरून खाली सरकत होतं. मुलीच्या चपलांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. काचेवर काही लागलंय का, असं बघून त्यांनी पदराचं टोक फिरवलं.

‘‘इथलं कुठं गेलं?’’

‘‘काय, दादीअम्मा?’’

त्यांनी उत्तर दिलं नाही. सुनेला डबा आणायला सांगितला. नातवानं मूळ फोटो त्यात परत ठेवला होता. त्यांनी तो शोधून काढला, मोठ्या फोटोवर ठेवला आणि नखानं दाखवलं. ‘‘हे.’’

‘‘ती होय,’’ नातू म्हणाला. ‘‘ती फोटो काढणाऱ्याची सावली होती. मध्ये येत होती ना, म्हणून काढून टाकली.’’

‘‘आणि फोटो कुणी काढला होता?’’

खोलीत कुणी बोललं नाही. सुनेनं मोबाइल खाली ठेवला.

दादी रागावल्या नव्हत्या. त्या सांगायला लागल्या, तेही आमच्याकडे बघून, जणू घरातल्यांना ते माहीत असणारच. सायकलवरून गेले होते चौघंजण. मुलगी पुढच्या दांडीवर, दादी कॅरिअरवर, मुलगा त्यांच्या मांडीवर. स्वारगेटच्या अलीकडे चढ आला तिथं उतरून चालले. पार्कात पोरांनी हत्ती बघितला, फुलराणीत दोनदा बसली. मग दादांनी सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभं केलं आणि मोजून पावलं मागे गेले. मुलीला त्यांची सावली आपल्या पायापर्यंत आलेली दिसली. ती सावलीच्या डोक्यावर पाय द्यायला लागली. दादा डोकं बाजूला घेत, सावली सरकत असे, ती पुन्हा पाय देई. असं तीन-चारदा झालं. शेवटी ते म्हणाले, आता हलू नकोस, मी पण हलत नाही. आणि खटका दाबला.

‘‘ती रुसलेली नाही,’’ दादी म्हणाल्या. ‘‘ती त्यांच्याकडे बघतेय.’’

हे ऐकून घरातल्यांनी पुन्हा लहान फोटोकडे पाहिलं. पन्नास वर्षं त्या घरात सगळे म्हणत आले होते की फुफी लहानपणापासूनच रुसकी, बघा फोटोत कशी मान घालून उभी आहे. मोठ्या, स्वच्छ केलेल्या फोटोत ती रिकाम्या मातीकडे बघत होती. लहान फोटोत तिच्या नजरेच्या टोकाला दादांच्या सावलीचं डोकं होतं, तिच्या चपलेपासून दोन बोटांवर.

मुलगा आतापर्यंत गप्प होता. मोठा फोटो त्यानं दादींच्या मांडीवरून उचलून स्वतःकडे घेतला होता. आता तो म्हणाला, ‘‘अम्मी, तुम्हाला ते आठवतात. मला सावली घेऊन काय करायचं? मला अब्बा शेजारी हवे होते.’’

त्याचा आवाज बदललेला होता. नातवानं मान खाली घातली. आम्हालाही कुठं बघावं ते कळेना. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलाच्या आठवणीत राहतं तरी किती? सायकलच्या घंटीचा आवाज, तेलाचा वास आणि ओळखपत्रावरचा तो न हसणारा चेहरा. वडलांचा हात घरच्यांमागे आहे असं एक चित्र त्याला प्रथमच मिळालं होतं. ते अंग आपल्याच मुलाचं आहे, हे त्याला पाहता क्षणी दिसलं असणार. तरी त्याला ते हवं होतं.

दादींनी लहान फोटो त्याच्या हातात दिला. ‘‘तू कुठं बघतोयस, ते बघ.’’

तीन वर्षांचा मुलगा, डोळे बारीक केलेला, सरळ समोर बघत होता. त्या वयाच्या मुलाला कॅमेरा म्हणजे काय ते माहीत नसतं. तो काळ्या डबड्याकडे बघत नव्हता. डबड्यामागे जो चेहरा होता, थांब थांब म्हणणारा, त्याच्याकडे बघत होता. ओठ अर्धवट उघडे, काहीतरी बोलायच्या बेतात.

‘‘अब्बा म्हणत होतास,’’ दादी म्हणाल्या. ‘‘सारखा तेच म्हणायचास. ह्या मोठ्या फोटोत ते तुझ्या बाजूला उभे आहेत आणि तू भलतीकडेच बघतोयस.’’

तो बराच वेळ फोटो धरून बसला. मग चष्मा काढून आत निघून गेला.

त्या दिवशी संध्याकाळी फुफीचा सांगलीहून ईदचा फोन आला. दादींनी तिला विचारलं, फुलराणीच्या फोटोत तू खाली का बघतेस गं? फुफी म्हणाली, काय माहीत, रुसले असेन. मग जरा थांबली. मग म्हणाली, अम्मी, अब्बांच्या डोक्यावर पाय द्यायचा होता मला. हे तिला आपणहून आठवलं. दादींनी तिला काही सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी नातू पुन्हा कारागिराकडे गेला. सावली परत मिळेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. ती मिळाली, याचं कारण कारागिराची शिस्त. आलेल्या फोटोचा पहिला स्कॅन तो कधीच खोडत नाही. तो वेगळा जपून ठेवतो आणि प्रतीवर काम करतो. प्रतीतही डाग काढणं एका थरावर, कोपरा भरणं दुसऱ्यावर, नवं माणूस तिसऱ्यावर, सावली पुसणं चौथ्यावर. काचेच्या पट्ट्या एकावर एक ठेवाव्यात तसे हे थर. त्यानं वरचे दोन थर बंद केले. दादा गेले, सावली परत आली. डाग मात्र गेलेलेच राहिले आणि कोपरा भरलेला राहिला. दहा मिनिटांचं काम. मूळ स्कॅन ठेवला नसता आणि सगळं एकाच थरावर केलं असतं, तर पुसलेली सावली त्या फाइलमधून परत आली नसती. डब्यातला कागद तेवढा उरला असता, आणि तोही हरवला असता तर काहीच नाही.

कारागिरानं एक गोष्ट आपणहून केली. सावलीचा भाग थोडा गडद केला. जुन्या फोटोत काळा रंग फिका पडत जातो, त्यामुळे सावली विरल्यासारखी झाली होती. आता कोपर स्पष्ट दिसू लागले, आणि डोक्याच्या एका बाजूला एक लहान उंचवटा दिसला. नातवाला वाटलं, डाग राहिला. त्यानं घरी येऊन दादींना विचारलं. दादी म्हणाल्या, ‘‘टोपी आहे. जरा तिरकी घालायचे.’’

ही टोपी ओळखपत्राच्या फोटोत नाही. तिथं डोकं उघडं ठेवून फोटो काढलेला होता. मुलाला अब्बांची तिरकी टोपी आठवत नव्हती. ती त्याला या सावलीत मिळाली.

आता त्या घरात दोन मोठे फोटो आहेत. जोडलेला फोटो मुलाच्या कपाटात आहे. दादींनी तो ठेवून घ्यायला मुळीच हरकत घेतली नाही. पोरानं प्रेमानं केलंय, त्यात त्याचा स्वतःचा पण फोटो आहे, असू दे, म्हणाल्या. सावलीचा फोटो त्यांच्या डब्यात आहे, मूळ छोट्या फोटोसोबत. पण एक गोष्ट त्यांनी त्याच आठवड्यात करून घेतली. ती आमच्या वाचकांनीही करावी, म्हणून सांगतो.

दोन्ही फोटोंच्या मागे त्यांनी लिहून घेतलं. आज घरात दादी आहेत, म्हणून कळलं की दादा कुठं उभे होते. अजून तीस वर्षांनी डबा उघडणाऱ्याला जोडलेला फोटो हाच खरा वाटेल. तो स्वच्छ आहे, मोठा आहे, त्यात सगळे आहेत. सावलीचा फोटो त्याला नुसता बिघडलेला वाटेल आणि तो टाकून देईल. म्हणून लिहिणं जरूर. बॉलपेननं लिहू नये. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि नव्या गुळगुळीत कागदावर शाई वाळत नाही, ती दुसऱ्या फोटोला लागते. फोटो काचेवर पालथा ठेवावा आणि मऊ पेन्सिलीनं, कडेच्या पट्टीच्या मागे, हलक्या हातानं लिहावं. पेन्सिल न चालणारा कागद असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फोटोसोबत पाकिटात ठेवावं. गोंद लावून चिकटवू नये. आणि कारागिराकडे द्यायच्या आधी तो फोटो घरातल्या सर्वांत मोठ्या माणसापुढे ठेवून विचारावं, यात काय काय आहे? कोण कुठं बघतंय? फोटो कुणी काढला? जो भाग आपल्याला डाग वाटतो, त्याबद्दलही विचारावं.

मोमीनपुऱ्यातल्या त्या घरी दादींनी सांगितलं आणि नातवानं लिहिलं. जोडलेल्या फोटोच्या मागे : ‘‘हा फोटो संगणकावर जोडलेला आहे. चेहरा दादांचा, अंग नातवाचं. ईदला दिला.’’

सावलीच्या फोटोच्या मागे नातवानं आधी लिहिलं होतं, फोटोत तिघं. दादींनी त्याला खोडरबर आणायला लावलं. आता तिथं असं आहे : ‘‘पेशवे पार्क, जानेवारी १९७५, दुपारी साडेचार. फोटोत चौघं. डोक्यावर टोपी आहे ते फोटो काढतायत.’’